दोन गाड्या, एक साखळीजोड

यांगकितला तुम्ही मारलंत. आंगरूप उस्तादाने नाही, बर्फाने तर मुळीच नाही. बर्फ दर वर्षी पडतो, सांगून पडतो. मारलंत तुम्ही, डेपोत बुखारीच्या शेगडीला पाठ शेकत कागद पुढे सरकवणाऱ्यांनी.

आंगरूप बावीस वर्षं या खोऱ्यात बस चालवतो. हिवाळ्यात सातची गाडी दहाला सुटते, बर्फाला जरा ऊन लागू द्यायचं म्हणून. धुक्यात पुढचे दोन खांब दिसेनासे झाले की गाडी उभी करायची. चार वाजले की जिथे असू तिथे मुक्काम. बर्फावर मागच्या चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय चौकीचं फाटक ओलांडायचं नाही. या नियमांना त्याने कधी शिवी दिली नाही. ज्यांनी दिली त्यांतले दोघे नदीत आहेत.

पण वर जाणारी एक आणि खाली येणारी एक अशा दोन गाड्यांना साखळीजोड एकच. दुसऱ्याच्या कड्या तीन वर्षांपूर्वी तुटल्या. मग चालकांनीच तोड काढली. साखळ्या लागतात त्या तिलिंग गावाच्या चौकीखाली, काळ्या नाल्यात. तिथे हिवाळाभर ऊन पडत नाही. खालून येणारी गाडी साखळ्या घालून नाला चढते, तिलिंगला उतरवते. वरून आलेली त्याच घालून उतरते. कंडक्टर टेकराम म्हणायचा, एका कोटात दोन नवरदेव. आणि दर नोव्हेंबरात दोन्ही चालक तुमच्या वहीत सही करायचे: एक पूर्ण जोड मिळाला. सही नाही तर गाडी नाही. आंगरूपनेही केली. तीन वेळा.

त्या दिवशी तो अडीचला तिलिंगला पोचला. गाडीत एकोणीस माणसं. मागच्या सीटवर यांगकित, पहिलंच बाळंतपण, कळा सकाळीच सुरू झालेल्या. शेजारी तिची सासू बुतित. इस्पितळ नाल्यापलीकडे तासाभरावर. समोरची गाडी आलेली नव्हती.

चौकीतल्या शिपायाने फोन लावला. खाली, इस्पितळाच्याही पुढे, नदीच्या चिंचोळ्या घळीत धुकं दाटलेलं, समोरच्या गाडीचा चालक छेवांग तिथेच थांबलेला. बरोबरच केलं त्याने. साखळ्या त्याच्या गाडीत. दुसरा रुग्ण खाली पोचवून परतणारी रुग्णवाहिकाही त्याच धुक्यात, त्याच्या मागे अडकलेली.

साडेतीनपर्यंत वाट पाहिली. यांगकित ओरडायची थांबली होती, आणि ते जास्त वाईट होतं. शिपाई खिडकीशी आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "उस्ताद, मी आत चहा टाकतो. फाटक उघडंच आहे."

आंगरूप आणि टेकरामने टपावरचा सामानाचा दोर कापून मागच्या चाकांना आवळला. बाकीच्यांना उतरवलं. दोघी आत राहिल्या. फाटकापुढच्या पहिल्याच उतारावर दोर तुटला. ब्रेक लागला होता, चाकं फिरत नव्हती, तरी गाडी घसरत होती, सावकाश, नदीच्या बाजूला. दोन हात कडा उरला तेव्हा मागचं चाक दगडाला अडकलं. टेकराम फावडं घेऊन धावला, चाकांखाली राख टाकली, लोकांनी ढकललं, तेव्हा कुठे गाडी मागे फाटकात आली. पुढे असलाच चार किलोमीटर उतार होता, आणि दगड दर वेळी असणार नव्हता.

आंगरूपने किल्ली काढली.

"पोरा," बुतित म्हणाली, "नियमाला भितोस होय?"

"उताराला भितो, आमा."

"मग आम्हाला आणलंस कशाला इथवर?"

साखळ्या तिलिंगला मिळतील या भरवशावर आणलं होतं. तो भरवसा त्याचाच, सहीही त्याचीच.

गावातल्या चौघांनी यांगकितला खाटेवर घालून नाला उतरायचं ठरवलं. शंभर पावलांवर पुढचे दोघे आडवे झाले, खाट कलंडता कलंडता वाचली. ते परत फिरले. चौकीच्या खोलीत गावातल्या बायकांनी जमेल ते केलं. मूल रडलं नाही. रक्त थांबेना. सात वाजायच्या आत सगळं आटोपलं होतं, आणि बाहेर नियमाप्रमाणे मुक्काम पडलेला होता. आंगरूप स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. टेकराम चहा घेऊन आला आणि तसाच परत गेला.

आठव्या दिवशी तुमचा कागद आला. साखळीजोड ताब्यात असूनही प्रवास अर्ध्यावर सोडला, गंभीर रुग्णाबाबत माणुसकी दाखवली नाही, खुलासा करा. सोबत त्याच्या सहीची प्रत.

सही खोटी म्हटली तर नोकरी जाते. खरी म्हटली तर यांगकितला त्याने मारलं. गेले चार दिवस तो कोऱ्या कागदासमोर बसून आहे. बायकोने जेवायला हाक मारली की म्हणतो, येतो, आणि जात नाही. गाडीवर आता दुसरा चालक आहे. नोव्हेंबरात त्यानेही सही केली आहे.

आंगरूप लिहील किंवा नाही लिहिणार. आधी तुम्ही लिहा. वहीतला तो दुसरा साखळीजोड कुठे आहे?