पहिल्या अंगाची शेरवानी

बेळगावातल्या त्या दुकानात नाटकाचे पोशाखही भाड्यानं मिळत. मागच्या भिंतीला राजे, प्रधान आणि नवरदेव एकाच दांडीवर टांगलेले असत. वाऱ्यानं बाह्या हलल्या की भीमसेनला वाटे, सगळे झोपेत कूस बदलताहेत.

भीमसेन बेळगावच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवी आणि अनगोळात खोली घेऊन राही. त्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मापासाठी आई, तानीबाई, निपाणीहून आली होती. भीमसेनच्या लहानपणी तिथल्या तंबाखूच्या वखारीसमोरून एक वरात गेली होती. पांढऱ्या शेरवानीतला तो नवरदेव धुक्यातून आल्यासारखा आला आणि धुक्यात गेला. तेव्हा तानीबाई म्हणाली होती, "तूबी असाच दिसशील." एवढ्या एका वाक्यावर शेरवानी ठरली होती. ती भाड्यानं घ्यायची की शिवायची, हे मात्र ठरत नव्हतं.

दुकानदार परशराम यांनी एक पांढरी शेरवानी उतरवून त्याला घातली. छातीला बसली, लांबीला बसली. उजव्या खांद्यावर मात्र कापडाला झोळ पडला.

"मास्तर, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय," परशराम म्हणाले. "वजं उचलताय का?"

"उचलायचो. कॉलेजात असताना सुट्टीला वखारीत."

"छाती-कंबर मी कच्च्या शिलाईनं आत घेतो, सोडतो. खांदा उसवला तर सगळा अंगरखाच उसवतो."

तानीबाईचं लक्ष खांद्याकडं नव्हतं. तिनं कॉलर उलटून पाहिली. अस्तरावर कुणाच्या तरी घामाची पिवळी रेघ होती. तिनं कॉलर सावकाश सोडली.

"उतरलेलं हाय," ती म्हणाली.

भीमसेनला या शब्दाचं वजन ठाऊक होतं. तिच्या लहानपणी गावातल्या मोठ्या घरांची जुनी लुगडी तिच्या वस्तीत येत, मेलेल्या माणसांचीसुद्धा. धर्मांतराच्या वर्षी तिनं कोरं पांढरं लुगडं नेसलं, आणि तेव्हापासून परक्या अंगावरचा धागा घरात येऊ दिला नव्हता.

"इकतच घेऊ," ती म्हणाली. "माझी पेटी हाय की ठेवायला."

भीमसेननं खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढं उघडली. आत जरीच्या काठाचा, हातरुमालाच्या चौथाईएवढा एक पांढरा तुकडा होता. तो आता पांढरा राहिला नव्हता. त्यावर तांबूस ठिपके होते आणि जर काळवंडली होती.

"गेल्या जूनमधी शिंप्याकडनं आणून तुझ्या पेटीत ठेवलता मी. दिवाळीला काढला."

"मला इचारलं न्हाईस ते?"

"इचारलं असतं तर तू रोज काढून बघितलं असतंस. मग प्रयोग कसला?"

तिनं तुकडा नाकाला लावला. पत्र्याच्या घरातली ओल आणि तंबाखू, दोन्ही त्यात होतं. तिनं तो परत पुडीत गुंडाळला.

"जरीला मलमलीत गुंडाळून सुकी जागा लागती आक्का," परशराम म्हणाले. "दर दोन म्हयन्यांनी घडी बदलायची. डांबरगोळी जरीला टेकवायची न्हाय. एवढं करून सा म्हयन्यांत मास्तरांचं प्वाट सुटतंय आन बटणं लागत न्हाईत."

भीमसेन हसला. तानीबाई हसली नाही. तो दांडीकडं पाहत राहिला. त्या धुक्यातल्या नवरदेवाची शेरवानीही आईनं आत्ता उलटून पाहिली तशीच कधी कुणी उलटून पाहिली असेल का?

परशराम यांनी फळीवरून पांढऱ्या ब्रोकेडचा तागा काढला. "हंगामासाठी एक नवी शिवायचीच हाय. मास्तरांच्या मापावर बेततो. शिवणीत कापड राखतो, उजव्या खांद्यात कापसाचं पॅड टाचतो, ते मागनं काढता येतंय. पयला वापर तुमचा, भाडं जरा जास्त. दुसऱ्या दिवशी परत. सांभाळायचं काम माझं."

"आदी कुणी घातल्याली नसंल?"

"सुईबिगर कुणी शिवणार न्हाय तिला."

"आन मागनं कोण घालणार?"

"ज्याला मापात बसंल त्यो. पाटलाचं पोरगं, वाण्याचं, देसायाचं. मी काय जात इचारून माप घेतो?"

तानीबाई बराच वेळ ताग्यावर हात फिरवत राहिली. तंबाखू निवडून पिवळी झालेली बोटं पांढऱ्यावर सरकत होती.

"शिवा," ती म्हणाली. "आन पॅड नीट टाचा."

लग्नात खांदे सरळ दिसले, गळ्यावरची जरीची वेल चमकली. दुसऱ्या दिवशी शेरवानी घडी करून परत गेली, आणि तानीबाईनं ती दुकानात पोचेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पुढच्या वैशाखात मायलेक निपाणीहून बेळगावला निघाली होती. संकेश्वरच्या अलीकडं वरातीपायी एसटी थांबली. दुपारचं ऊन धुळीत विरघळलं होतं आणि त्यातून एक पांढरा नवरदेव घोड्यावरून तरंगत आला. पुढं चालणाऱ्यांचे फेटे मोठ्या घरचे होते. भीमसेन खिडकीतून वाकला. गळ्यावरची वेल तीच होती.

"आई, आपलीच हाय."

तानीबाईनं डोळे बारीक केले. "बसलीया का नीट?"

"उजवा खांदा अर्धा इंच चढलाय. परशराम पॅड काढायचं इसरले."

घोडा खिडकीजवळून गेला. ती मान वळवून पाहत राहिली, धुळीत पांढरं काही दिसेनासं होईपर्यंत.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या लेकाचं उतरलेलं हाय. जरा ढिलं-घट व्हणारच."