चालत्या यंत्राला हळदकुंकू

गेटवर खोळंबलेले ट्रेलर एकेक करून आत गेले, ड्रायव्हरांच्या शिव्या थांबल्या, आणि क्षिप्राच्या वाट्याला दिवसातलं खरं अवघड काम आलं. काय बिघडलं, का बिघडलं आणि पुन्हा बिघडू नये म्हणून काय करणार, याचा मेल सगळ्या विभागांना पाठवायचा होता.

क्षिप्रा मूळची हरिहरेश्वरची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आता उरणच्या एका कंटेनर यार्डात संगणकांचं जाळं सांभाळणारी. ती कमी बोलते आणि नेमकं बोलते, अशी तिची ख्याती होती. निदान सकाळपर्यंत तरी होती.

त्या दिवशी खंडेनवमी होती. पूजा आटोपून लोक पेढे खात कामाला लागले आणि गेटवरचे संगणक गेटपास काढेनात. क्षिप्राने सर्व्हर तपासला, तो ठणठणीत होता. मग तिने ऑफिसच्या ग्रुपवर ठासून लिहिलं, ‘बिघाड आपल्या बाजूचा नाही. इंटरनेट कंपनीशी बोलणं चालू आहे.’ कंपनीच्या माणसाला तिने दोनदा झापलंही. तो बिचारा म्हणत होता, लाइन चालू आहे. आणि ती खरंच चालू होती. गेटपासचा सर्व्हर क्षिप्राच्या पाठीमागच्याच खोलीत होता. गेटपासून तिथवर यायला इंटरनेट लागतच नाही, ही गोष्ट त्या जाळ्याचा नकाशा स्वतःच्या हाताने काढणाऱ्या बाईला चहा संपल्यावर आठवली.

ती गेटवर गेली. भागोजी तिथला मुख्य सुपरवायझर, कंत्राटदाराचा माणूस.

“भागोजी, इथे काही बदललंत का?”

“न्हाय मॅडम.”

“कशाला हात लावलात?”

“हात कशाला लावू? तुमीच म्हनला व्हतात, हात लावायचा न्हाय.”

गेटवरचे संगणक जाळ्याला जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, भिंतीवर होता; त्याचे सगळे दिवे हिरवेगार लुकलुकत होते. क्षिप्रा समाधानाने वळली आणि मग पुन्हा वळली. स्विचच्या कपाळी कुंकू होतं. वर झेंडूचं फूलही होतं.

“हे काय?”

“पूजा. दरसाल करतो.”

“चालू असताना?”

भागोजीने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “चालत्या गाडीला कोन हळदकुकू लावतं का, मॅडम? बंद केला, फूल वाह्यलं, परत चालू केला. गेल्या साली बी केला, काय झालं न्हाय.”

गेल्या वर्षी काही झालं नव्हतं, कारण गेल्या वर्षी क्षिप्राने काही केलं नव्हतं. यंदा पावसाळ्यात तिने गेटवरचे संगणक कॅमेऱ्यांपासून वेगळ्या जाळ्यात टाकले होते. असा बदल स्विचच्या चालत्या आठवणीत राहतो. वेगळी आज्ञा देऊन सेव्ह केला तरच तो कायम होतो, नाहीतर वीज गेली की स्विच बदल विसरतो आणि जुनं तेवढं आठवतो. एरवी यूपीएस आणि जनरेटर असल्यामुळे त्याची वीज कधी गेलीच नव्हती. क्षिप्राने बदल केला, तपासला, कौतुकाने पाहिला आणि सेव्ह करायला विसरली. त्यामुळे आज संगणक नव्या जाळ्याच्या पत्त्यावर आणि स्विच जुन्या जाळ्यावर, अशी सर्व्हरशी चुकामूक झाली होती. आता तिने तो पुन्हा केला, सेव्ह केला, स्विच बंद करून चालू केला. गेटपास धडाधड निघू लागले.

तर आता मेल. तोही मराठीत, कारण गेट आणि यार्डाच्या लोकांनीही तो वाचायचा होता.

ऑपरेशन्सचे मॅनेजर अजेय सर टेबलाशी येऊन उभे राहिले. “सिंपल रख ना यार. ‘गेट स्टाफने विनापरवानगी स्विच बंद केला.’ एक लाइन. हेड ऑफिसला कोणीतरी दाखवावा लागतो. कंत्राटदाराला सांगतो, दिवाळीनंतर भागोजी नको.”

“सर, पण कारण ते नाही.”

“बंद कोणी केला?”

“त्यांनी.”

“मग?” एवढं विचारून ते मीटिंगला गेले.

क्षिप्राने मेल लिहायला घेतला. शब्द नेमके हवे होते. ‘सदर स्विचमधील बदल कायमस्वरूपी जतन करण्यात आलेले नव्हते.’ वाक्य तिला आवडलं. तिने ते ग्राहकांचे फोन घेणाऱ्या नूतनला दाखवलं.

“जतन करण्यात आलेले नव्हते,” नूतनने मोठ्याने वाचलं. “कोणाकडून गं? मुंजाकडून?”

क्षिप्राचे कान तापले. ते वाक्य पुसून तिने दुसरं टोक गाठलं. ‘माझ्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे आपणा सर्वांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी आयुष्यभर...’ लिहिता लिहिता तिला फार उदात्त वाटलं. आपण भागोजीला वाचवतो आहोत, असंही वाटून गेलं.

नूतनने तेही वाचलं. “शोकसभा आहे का? सकाळपासून ट्रान्सपोर्टवाले माझा उद्धार करतायत. त्यांना काय सांगू, आमची क्षिप्रा आतून फार दुखावली आहे म्हणून? आणि हे वाचून सर काय म्हणतील ठाऊक आहे? बरं, मग दोघांनाही काढू.”

“मग काय लिहू?”

“उद्या वीज गेली तर काय होईल, ते.”

“काही होणार नाही. आता सेव्ह केलंय.”

“आणि काल गेली असती तर?”

क्षिप्राने दुसरा मसुदाही पुसला. काल यूपीएस दगा देता, तर हेच झालं असतं. कुंकू न लावता झालं असतं. कदाचित ती सुट्टीवर असताना, गेटवर दुप्पट गर्दी असताना. तेव्हा कोणाच्या माथी खापर फोडलं असतं? महावितरणच्या?

मग तिने जो मेल पाठवला, त्यात विशेषण एकही नव्हतं.

‘कारण: गेटच्या स्विचमध्ये मी पावसाळ्यात केलेला बदल मी सेव्ह केला नव्हता. आज पूजेसाठी स्विच बंद झाला आणि तो बदल पुसला गेला. कोणत्याही कारणाने वीज गेली असती तरी हेच झालं असतं. इंटरनेटचा बिघाड असल्याचा माझा सकाळचा निरोप चुकीचा होता. त्यामुळे दुरुस्तीला उशीर झाला.

दुरुस्ती: बदल पुन्हा करून सेव्ह केला. स्विच बंद-चालू करून खात्री केली.

पुढे: प्रत्येक स्विचची चालती आणि सेव्ह केलेली रचना रोज रात्री आपोआप ताडून पाहिली जाईल, फरक दिसल्यास मला आणि नूतनला सूचना येईल. ही व्यवस्था मी या आठवड्यात लावते. संगणक बंद पडल्यास हाताने पास कसा द्यायचा, हे भागोजी आणि नूतन मिळून ठरवतील. दरवर्षी खंडेनवमीला गेटचे स्विच ठरवून बंद-चालू करून पाहू. जबाबदारी: भागोजी आणि मी.’

अजेय सर फोनवर मेल वाचतच मीटिंगमधून बाहेर आले. “म्हणजे पूजा आता टेस्टिंग?”

“हो सर. वर्षातून एकदा, आधी कळवून.”

“आणि हेड ऑफिसने नाव विचारलं तर?”

“पहिल्याच ओळीत आहे.”

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. “हं. मग कंत्राटदाराला फोन नाही करत.” जाता जाता वळून म्हणाले, “चुकीच्या निरोपाचं लिहायची गरज नव्हती.”

“होती,” क्षिप्रा म्हणाली. सकाळचा तो निरोप सगळ्यांनीच वाचला होता.

संध्याकाळी ती गेटमधून बाहेर पडली तेव्हा भागोजी मेलचा कागद हातात घेऊन उभा होता. चेहरा गंभीर.

“मॅडम, ह्यात माजं नाव हाय.”

“हो. काळजी करू नका, ते कारणात नाही. उपायात आहे.”

“ते वाचलं.” त्याने कागदाची घडी घातली. “पन एक ऱ्हायलं बगा. फुडल्या साली नारळ कोनी आनायचा, ते लिवलं न्हाय.”

क्षिप्रा आल्या पावली परत गेली. संगणक उघडून तिने सगळ्या विभागांना शुद्धिपत्रक धाडलं: ‘नारळ: क्षिप्रा.’ मग स्विच सेव्ह आहे ना, ते आणखी एकदा पाहून आली.