रिकाम्या खुर्चीची ओळख

माझ्या धायरीच्या घरात वरच्या खोलीत चैताली भाड्याने राहते. डॉक्टर आहे, पण दवाखाना नाही. रोगांच्या साथी कुठून येतात ते शोधत हिंडते. त्या दिवशी ती जिन्यावर उभी राहून कागद वाचत होती.

"यानंतर आपल्यासोबत आहेत डॉ. बद्रीनाथ. ते प्रयोगशाळेत कार्यरत असून त्यांना वीस वर्षांचा अनुभव आहे. यानंतर आपल्यासोबत आहेत बाबुराव. ते महापालिकेत कार्यरत असून..."

"रेशनच्या रांगेत नावं पुकारतेस का गं?" मी खालून विचारलं.

"मावशी, परिषद आहे. डेंग्यूवर. चार जण बोलणार, मी ओळख करून देणार. गेल्या वर्षी तिसऱ्या नावाला हॉल चहाला गेला होता. आमच्या सरांनी बजावलंय, यंदा तसं झालं तर पुन्हा माइक मिळणार नाही."

"आणि चौथी कोण?"

"तुम्ही."

ते मला ठाऊकच होतं. मी दर आठवड्याला कोरडा दिवस पाळायला लावते. गल्लीतली पिंपं उपडी करून काथ्याने घासून घेते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. त्यासाठीच बोलावलं होतं. पण मागच्या एका सभेत तिघांच्या पदव्या वाचून झाल्यावर माझ्याकडे बोट करून निवेदक म्हणाले होते, "आणि या एक स्थानिक महिला." ते अजून सलत होतं.

"माझं वाच बघू."

"यानंतर आपल्यासोबत आहेत इंदुबाई. त्या धायरी येथे कार्यरत असून..."

"कार्यरत तुझे ते साहेब. मी राबते. हे बघ, सोयरीक जुळवताना मी दहा जणांची ओळख करून देते. एकाला त्याच्या कामावरून, एकाला त्याच्या खोडीवरून, तर एकाचं नाव शेवटी सांगते, म्हणजे लोक वाट बघतात. सगळ्यांना एकाच दारातून आत घेतलं तर पाव्हणे जांभया देतात."

चैतालीने कागद फाडला. रात्री जेवून आली आणि म्हणाली, "आता एकातून दुसरा निघतो. रक्त, गल्ली, नकाशा, पिंप. तुमचं मात्र आत्ता वाचून दाखवणार नाही."

"बघू काय दिवे लावतेस."

परिषदेच्या दिवशी स्टेजवर चढता चढता तिचा मोबाइल वाजला. फोन बाबुरावांचा होता. सोसायटीत तापाचे तीन पेशंट निघाले, धुराचं मशीन घेऊन तिकडेच आहे, उशीर होईल.

सुरुवात झकास झाली. "तापाने फणफणलेल्या माणसाचं रक्त बाटलीतून कुठे जातं? पुण्यात बऱ्याचदा एका टेबलावर. त्या टेबलामागे बसतात डॉ. बद्रीनाथ." लोक हसले. डॉक्टर जरा लाजले.

पुढची खुर्ची रिकामी. चैतालीने पान उलटलं, परत उलटलं. बाबुरावांना गाळावं तर तिसऱ्या वक्त्या राजनंदिनी, त्यांची ओळख त्यांच्यापासूनच सुरू होत होती. घाम फुटला पोरीला.

"यानंतर... यानंतर आपल्यासोबत आहेत..."

मागे खुर्च्या करकरल्या. चहाचं दार उघडलं. म्हटलं, आता मीसुद्धा स्थानिक महिलाच होणार.

मी हात लांब केला आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थाप मारली.

चैतालीने बघितलं. श्वास घेतला. कागद खाली ठेवला.

"ही खुर्ची रिकामी आहे, कारण बद्रीनाथ सरांच्या अहवालात ज्या गल्लीचं नाव येतं, त्या गल्लीत जाणारा माणूस आत्ताही तिथेच उभा आहे. त्याचं नाव बाबुराव. याहून चांगली ओळख मला लिहिता आली नसती."

टाळी पडली. चहाचं दार बंद झालं. पुढे सुरळीत. "धूर होऊन आठवडा झाला की त्याच गल्लीत पुन्हा पेशंट का? राजनंदिनी आयटीतली नोकरी सांभाळून रविवारी कॉम्प्युटरवर नकाशा काढत बसल्या. तिला दिसलं, धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत." म्हणताना 'त्या'ची 'ती' झाली, पण राजनंदिनीच हसली.

मग चैताली माझ्याकडे न बघता हॉलकडे वळली.

"तुमच्या घरचं पिंप शेवटचं कधी घासलंत? हात वर करा."

तीन हात. डॉक्टर मंडळींचा एकही नाही.

"पूर्वी माझाही वर गेला नसता. साथींवर शिकलेली मी, आणि माझ्या बादलीत अळ्या निघाल्या. माझ्या घरमालकिणीने ती भर जिन्यात उपडी केली. कॉलेजात शिकले नाही ते त्या दिवशी काथ्याने शिकले. इंदुबाई."

हॉल उठून टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात दारातून बाबुराव आले, अंगाला डिझेलचा भपकारा. लोक त्यांच्याकडे वळून पुन्हा टाळ्या वाजवू लागले. सगळ्या टाळ्या मलाच आहेत, असं बाबुरावांना वाटलं. मी म्हटलं, बसा, अर्ध्या तुमच्याच आहेत.

परतीच्या रिक्षात चैताली म्हणाली, "राग नाही ना आला, बादलीचं सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून?"

"अब्रू तुझी गेली, मला कशाला राग येईल?" मी म्हटलं. "पुढच्या वर्षी सांगताना अळ्या किती होत्या तेही सांग. बावीस. मी मोजल्या होत्या."