टेपर

श्रीविद्याच्या कंपनीचा धंदा डॉक्टरांचे शोधनिबंध पेशंटना कळतील अशा भाषेत लिहायचा. बंगळुरूतल्या हेब्बाळच्या ऑफिसात मराठी मजकूर तिच्याकडे असे. अवघड शब्द आला की तो ठेवायचा, समजावून सांगायचा, की सरळ काढून टाकायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिचा संपादक निहार पुण्याचा. त्याची कसोटी एकच होती: शब्द काढला तर वाचकाचं काय अडेल? श्रीविद्या काढण्यात पटाईत होती. तिचे लेख घडाघडा वाचता येत, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

या वेळचा निबंध संधिवातावर होता. वर्षानुवर्षं स्टेरॉइडची बारकी गोळी घेणारे, पण आता दुखणं आटोक्यात असलेले पेशंट. त्यांची गोळी ‘टेपर’ करून बंद केली, आणि बहुतेकांचं दुखणं उलटलं नाही. श्रीविद्याने लिहिलं, “आजार बरा झालेल्या रुग्णांची गोळी बंद केली, तरी बहुतेकांना त्रास झाला नाही.” टेपर गेलं. कुणाचं काही अडलं नाही.

ऑफिसचा नियम असा की लेख तपासायला जाण्याआधी एका बाहेरच्या माणसाने वाचायचा. तिने तो राजाजीनगरच्या घरी थोरल्या बहिणीला, अहल्याक्काला दिला. अक्काला स्वतःलाच संधिवात, मग यापेक्षा चांगला वाचक कुठला? अक्काने चष्मा लावून वाचला आणि सगळं कळलं म्हणाली. काय कळलं, हे विचारायचं श्रीविद्याला सुचलं नाही.

आठवड्याने तपासणाऱ्या डॉक्टर श्रीहरींचा शेरा आला. ‘टेपर कुठे गेलं? आणि बरा झालेला नव्हे, आटोक्यात असलेला. गोळी दीर्घकाळ घेतली की शरीर स्टेरॉइडसारखा आपला रस स्वतः बनवायचं जवळजवळ थांबवतं. तो पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. हे वाचून कुणी गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतेल.’

अक्काही तीच गोळी वर्षानुवर्षं घेत होती. अक्काला कालपासून उलट्या होत होत्या. हॉटेलातली इडली बाधली, स्वल्प झोपते, असं सकाळी तीच म्हणाली होती, आणि श्रीविद्या ‘सरी’, बरं, म्हणून ऑफिसला निघून आली होती.

अक्का फोन उचलेना. खालच्या मजल्यावरच्या कल्पनाकडे किल्ली असे, तिला वर पाठवलं. अक्का पलंगाशी पडलीय, अंगाला गार घाम फुटलाय, विचारलेलं तिला धड कळत नाही, असं कल्पनाने सांगितलं आणि ती ॲम्ब्युलन्स बोलवायच्या मागे लागली. हेब्बाळच्या पुलावर श्रीविद्याची कॅब इंचाइंचाने सरकत होती. श्रीविद्याला वाटलं, मी माझ्या बहिणीला मारलं, आणि तेही सोप्या भाषेत.

हॉस्पिटलात अक्काचा रक्तदाब खूप खाली गेला होता. डॉक्टर पोट बिघडल्याचा विचार करत होते. श्रीविद्या मध्येच म्हणाली, “ती कित्येक वर्षं प्रेडनिसोलोन, ती स्टेरॉइडची गोळी, घेते. माझा लेख वाचून तिने एकदम बंद केली असणार.”

डॉक्टरांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. त्यांनी लगेच हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि सलाईन जोरात सोडायला सांगितलं. पुढचे काही तास श्रीविद्या मॉनिटरवरचे आकडे बघत बसली. ते वर चढले तरी तिचा त्यांच्यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसली. रागाचं नावही नव्हतं, आणि तेच श्रीविद्याला सोसवेना. अक्का सांगत होती, डॉक्टर काय ते पुटपुटतात, इतक्या वर्षांत आपल्या दुखण्याचं पहिल्यांदाच काही नीट कळलं.

“समोरच्या जयसिंगरावांनाही वाचून दाखवलं गं,” ती कौतुकाने म्हणाली. “तेही दम्यासाठी तीच गोळी घेतात. त्यांनाही सगळं कळलं.”

श्रीविद्या फोन घेऊन बाहेर पळाली. जयसिंगरावांनी उचलला. आवाज ठणठणीत होता. हो, गोळी कालच सोडली, म्हणाले, कशाला उगाच विष पोटात घालायचं.

“आत्ताच्या आत्ता आजची गोळी घ्या,” ती म्हणाली. “आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा. ती गोळी टेपर करायची असते, अण्णा. म्हणजे थोडी थोडी कमी करत जायची, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच. एकदम सोडली तर माणूस जाऊ शकतो.”

पलीकडून पेला उचलल्याचा आवाज आला, मग पाणी प्यायल्याचा.

“इतकंच होतं होय,” जयसिंगराव म्हणाले. “हे कळलं की मला. मग लिहिलं का नाहीस?”