तपासणीच्या वहीतील दोन रकाने

सुज्ञ वाचकहो, पुढील निवेदनात मी माझ्या हातून घडलेला एक अपराध आपणांसमोर यथामती मांडणार आहे. त्यात माझ्या बाजूचे समर्थन शोधू नये, ही प्रारंभीच प्रार्थना.

सोनोग्राफी विभागाच्या दारापाशी माझे टेबल आहे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी तपासून दिलेला कागद घेऊन मी वहीत नोंद करतो. ज्या बाईला पुन्हा तपासणीस बोलवायचे तिचे नाव डाव्या रकान्यात, जिला शस्त्रक्रियेच्या विभागात पाठवायचे तिचे उजव्या. उजव्या रकान्याचा कागद मीच वरच्या मजल्यावर नेतो. पुढची तारीख मीच देतो, म्हणून येणाऱ्या बायका मला तारीखमामा म्हणतात.

बावीस वर्षांत मी डाव्या रकान्याचा भक्त झालो होतो. अंडाशयात गाठ आहे हे ऐकून रडत गेलेल्या कितीतरी बाया आठ आठवड्यांनी हसत परतताना मी पाहिल्या. "मामा, गाठ गेली हो! पाण्याचीच होती मेली!" माझ्या पत्नीच्या अंडाशयातही गाठ निघाली होती, साकळलेल्या जुन्या रक्ताची. पाळीत ती कळवळायची. मॅडम म्हणाल्या होत्या, "लहान आहे, गोळ्यांनी दुखणं आटोक्यात येतंय. खरवडून काढताना चांगली स्त्रीबीजंही जातात. लक्ष ठेवू." तीही थांबली आणि तिला बरे वाटले. सबब थांबणे हेच औषध, असा माझा ग्रह झाला.

अशा स्थितीत माझी एकुलती कन्या, वय चोवीस, पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटते म्हणून तपासणीस आली. बाहेर आली ती कागद फडकावीत.

"बाबा, माझ्या गाठीत म्हणे केस आणि चरबी आहे! दातसुद्धा असू शकतो. मॅडम म्हणाल्या, जन्मापासूनच्या पेशींची असते."

"गप्प बस, काहीही बोलतेस."

"वाचा ना. सात सेंटिमीटर. ही विरघळत नाही, अंडाशयाला पीळ पडू शकतो, याच महिन्यात दुर्बिणीनं काढा, अंडाशय शाबूत राहील, असं सांगितलंय."

मी वाचले. खाली मॅडमची सही होती. तरीही तिच्या कोवळ्या पोटावर चालणारे शस्त्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"डॉक्टरांना घाई असते," मी म्हणालो. "मी शेकडो गाठी जाताना पाहिल्यात. आठ आठवड्यांनी पुन्हा बघू."

"नक्की ना? नाहीतर ही गाठच मला दात काढून दाखवेल."

"बावीस वर्षं काय माशा मारतोय मी इथे?"

ती हसली. तिचा विश्वास होता. मी तिचे नाव डाव्या रकान्यात लिहिले आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला. वरच्या मजल्यावर तो गेलाच नाही, म्हणून कोणी विचारणाही केली नाही.

पाचव्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, तिचा कचेरीतून फोन आला. "बाबा, डावीकडे जबरदस्त कळ येतेय. दोनदा उलटी झाली."

"पाळीचं असेल. गरम पाण्यानं शेक."

वाचकहो, ते शब्द मी उच्चारले. मैत्रिणींनी तिला आणले तेव्हा चार वाजून गेले होते. शस्त्रक्रियेनंतर सर्जनबाई बाहेर आल्या. "अंडाशयाला तीन पीळ पडले होते. उलगडून वाट पाहिली, पण रक्त परत फिरलं नाही. काढावं लागलं." मग त्यांनी विचारले, "हिचा कागद आमच्याकडे कसा नाही आला?"

मी खणातून कागद काढून त्यांच्या हाती दिला. तो घेऊन त्या आत गेल्या. संध्याकाळी मॅडम एवढेच म्हणाल्या, "मामा, तीन गाठी पडद्यावर तीन प्रकारच्या दिसतात. पाण्याची काळी स्वच्छ, जुन्या रक्ताची धुक्यासारखी, ही पांढरी, मागे सावली टाकणारी. तुम्ही फक्त दाराबाहेरून पाहिलंत."

तीन महिन्यांनी कन्येची पुन्हा तपासणी झाली. उरलेल्या उजव्या अंडाशयातही तसाच पांढरा ठिपका दिसला, दोन सेंटिमीटरचा. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला होता.

"आता वर्षानं बघायचं. एवढीशी आहे, एकुलत्या अंडाशयाला उगाच हात लावायचा नाही, असं मॅडम म्हणाल्या. पण कळ आली, तर तासभरही थांबायचं नाही."

मी पेन उचलले. हात डाव्या रकान्यावर जाईना.

"मी वर जाऊन विचारून येतो," मी म्हणालो.

"बाबा, सर्जनबाईंनाही विचारलंय. या वेळी थांबायचंच आहे. लिहा."

मला लिहिता आले नाही. अखेर तिने वही आपल्याकडे फिरवली आणि स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहिले. तारीख घातली. पेन माझ्यापुढे ठेवून ती गेली. बाबा, येते, असे ती नेहमी म्हणे. त्या दिवशी म्हणाली नाही.

आता प्रत्येक कागद मी दोनदा वाचतो आणि लिहिले असेल तेच लिहितो. आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
तारीखमामा