डिंगोऱ्याच्या कागदाचा सारांश

जुन्नरच्या कचेरीत नियम होता: मामलेदारांपुढे कुठलाही कागद सारांशाशिवाय जायचा नाही. मग तो कागद बोटभर का असेना! अव्वल कारकून त्रिंबकराव हा नियम देवपूजेसारखा पाळत, आणि नैवेद्य म्हणून विशेषणं वाढत.

मंगळवारी सकाळी डिंगोऱ्याचे रखमाजी पाटील धापा टाकत आले. त्यांच्या कागदावर एवढंच होतं: ‘विनंती विशेष. सोमवारी तीन घरांत उंदीर मेले. माणूस एकही आजारी नाही. गुरुवारी जत्रा. त्याआधी गाव रानात हलवतो. झोपड्यांना सरकारी रानातलं लाकूड तोडू द्यावं.’

प्लेगाचे दिवस. उमेदवार कारकून सावळाराम वाचूनच गारठला. गुरुवारी दहा गावची माणसं तिथे जमली तर काय होईल, हे सांगायला वैद्य नको होता.

त्रिंबकरावांनी सारांश लिहायला घेतला. मूषकजातीचा उपद्रव, रयतेची भयग्रस्त मनोवस्था, सरकारची कनवाळू दृष्टी... दोन ताव भरले. लाकूड दुसऱ्या तावाच्या तळाशी कुठंतरी सापडायचं.

मामलेदार रावसाहेबांनी ते ताव हातात तोलले. “हा सारांश? एका ओळीत आणा.”

त्रिंबकरावांना राग आला. त्यांनी रागातच एक ओळ खरडली: ‘डिंगोऱ्यात उंदीर मेले, गावास लाकूड हवे.’

“बरं,” रावसाहेब म्हणाले, “पुढच्या आठवड्यात चौकशी करू.”

बाहेर ओट्यावर रखमाजी आशेनं बसले होते. सावळारामानं त्यांचा कागद पुन्हा एकदा वाचला. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि वरिष्ठाच्या ओळीवर ओळ लिहिणं म्हणजे घरचा रस्ता धरणं. तरी त्यानं बोरू उचलला आणि नवी चिठ्ठी थेट रावसाहेबांपुढे ठेवली:

‘डिंगोरे: सोमवारी तीन घरांत उंदीर मेले, माणूस आजारी नाही. गुरुवारच्या जत्रेआधी गाव हलवायचे. झोपड्यांना सरकारी लाकूड हवे.’

“जत्रा? परवा?” रावसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. “हे आधी का नाही सांगितलं?”

त्रिंबकरावांना अचानक खोकला आला.

परवानगीवर तिथेच सही झाली. जत्रा बंद ठेवण्याचा हुकूमही सोबत निघाला. कागद हातात पडताच रखमाजी म्हणाले, “लई उपकार झालं, भाऊ. पर आमी बी ह्येच लिवलं व्हतं की!” आणि धावत सुटले.

त्रिंबकरावांनी चिठ्ठी पाटलांच्या कागदाशेजारी धरली. एकेका शब्दावर बोट फिरवलं. कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“अरे, हा तर सगळा त्याचाच मजकूर! तू यातलं गाळलंस तरी काय?”

“विनंती विशेष,” सावळाराम म्हणाला. “बाकी गाळण्यासारखं काही नव्हतंच.”