काळ्या पुलाचा नियम

सासरे मुलांसाठी साहसकथांची मालिका लिहीत आणि सून तिची फाइल सांभाळी: कोणाचं वय किती, कोण कोणत्या भागात मेलं, त्या जगाचे नियम कोणते. नवव्या भागाचं हस्तलिखित फाइलशी ताडून पाहताना तिचा हात थबकला. सहाव्या भागात काळा पूल ओलांडून मेलेल्यांच्या देशात गेलेला नावाडी दारात उभा राहून म्हणत होता, "चहा टाका, राजे आले!"

हिवाळ्यात वारलेला तिचा नवरा घरात शिरताना हेच म्हणायचा.

"मामंजी, पूल ओलांडलेला परतत नाही. पहिल्या भागातला नियम आहे."

"नियम माझाच. मोडला तर कोण मला फासावर देतंय?"

"तुमची नात वाचेल हो हे. बेल वाजली की दाराकडे धावायची, ती आत्ता कुठे थांबलीये."

म्हाताऱ्याने ते पान तिच्यापुढे सरकवलं.

"तूच खोड, पोरी. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

तिने पेन्सिल ओळीवर टेकवली. पण खोडण्याआधी तिने ते वाक्य एकदा हलक्या आवाजात वाचलं, अगदी त्याच्यासारखं, 'राजे'वर जोर देऊन.